थोडं थोडं खाऊनही संध्याकाळी पोट का फुगतं?

> "सकाळी पोट सपाट असतं. दिवसभर थोडं थोडंच खाते, तरी संध्याकाळी कपडे घट्ट होतात. असं का?"

घासाच्या आकाराइतकंच दोन खाण्यांमधलं अंतरही महत्त्वाचं आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. पोट रिकामं असताना साधारण दर दीड-दोन तासांनी लहान आतड्यातून आकुंचनाची एक जोरदार लाट जाते आणि उरलंसुरलं पुढे ढकलते. काहीही खाल्लं, अगदी दूध-साखरेचं पेय घेतलं, तरी ती थांबते. आठ, साडेदहा, एक, साडेतीन, सहा असं खाणाऱ्याच्या आतड्याला दिवसा ही सफाई जवळपास मिळतच नाही. ती रात्री होते.

दुसरं म्हणजे उशीर. आठच्या खाण्यातला न पचलेला भाग मोठ्या आतड्यात पोचायला काही तास लागतात. तिथे जीवाणू तो आंबवतात आणि वायू होतो. म्हणजे दुपारचा फुगारा बऱ्याचदा सकाळच्या खाण्याचा असतो आणि त्यावर पुढच्याची भर पडत जाते. दोष मात्र शेवटच्या घासाला मिळतो!

दोन आठवडे तेवढंच अन्न तीन वेळांत विभागून पाहा. मध्ये चार तास फक्त पाणी. मधुमेहाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. फरक पडलाच नाही, तर अंतर सोडून पदार्थांकडे वळा: कांदा, लसूण, गहू, कडधान्यं, दूध. एका वेळी एकच कमी करा.

सकाळीही फुगारा उतरत नसेल, वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, किंवा पन्नाशीनंतर हे नव्यानेच सुरू झालं असेल, तर प्रयोग नको, तपासणी करा. स्त्रियांनी अंडाशयाचीही.