कोरियाची फाळणी: रेघ परक्यांची, पण सीमा कोणाची?

मूळ प्रश्न (पांथस्थ): कोरियाचे दोन देश 1950-53 च्या युद्धामुळे झाले, असे मी समजत होतो. पण दोन्ही सरकारे 1948 मध्येच स्थापन झाली होती, असे दिसते. मग फाळणी कोणी केली, महासत्तांनी की कोरियन नेत्यांनीच?

दुर्गभ्रमर: महासत्तांनीच केली, यात वादाला जागा नाही. याल्टा येथे रूझवेल्ट आणि स्टॅलिन यांनी जगाची वाटणी केली, त्यातच कोरियाही वाटला गेला. ज्यांचा देश होता, त्यांना कोणी विचारलेही नाही.

जुनी वही: विचारले नाही हे खरे, पण रेघ याल्टाची नव्हे. तेथे कोरियाच्या विश्वस्त राजवटीविषयी, म्हणजे परक्या सत्तांनी काही काळ देशाचा कारभार पाहण्याविषयी, तोंडी बोलणे झाले, तेवढेच. रेघ ठरली 10-11 ऑगस्ट 1945 च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये. जपान शरण येणार अशी चिन्हे होती, सोव्हिएत सैन्य कोरियात शिरलेले होते आणि अमेरिकेचे सर्वांत जवळचे सैन्य ओकिनावात होते. डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन अधिकाऱ्यांना अर्धा तास देण्यात आला. हाताशी नॅशनल जिओग्राफिकचा एक नकाशा होता आणि दोघांपैकी कोणीही कोरियाचा जाणकार नव्हता. सोल आपल्या बाजूला राहील, इतके पाहून त्यांनी 38 वे अक्षवृत्त सुचवले आणि स्टॅलिनने ते हरकत न घेता मान्य केले.

ती रेघ किती आंधळी होती, हे ओंगजिनकडे पाहिले की कळते. पश्चिम किनाऱ्यावरच्या या लहानशा द्वीपकल्पाचा दक्षिणेकडचा भाग अमेरिकेच्या वाट्याला आला, पण त्याला जोडणारी जमीन रेघेच्या उत्तरेला गेली. सोलहून तेथे जायचे तर समुद्रमार्गे, नाही तर सोव्हिएत हद्दीतून. सीमा आखायची असती, तर अशी कोणी आखली नसती. ती जपानी सैन्याची शरणागती कोणी कोठे घ्यायची, एवढ्यापुरतीच होती.

तिरकस: मग दोष महासत्तांचा नाही, हे सिद्धच झाले. तात्पुरती रेघ कायमची केली ती कोरियन नेत्यांनी. ऑस्ट्रियाचेही चार विभाग झाले होते. 1955 मध्ये चारही सैन्ये निघून गेली आणि देश अखंड राहिला. पुढे दक्षिणेचे अध्यक्ष झालेले सिंगमन री यांनी 1946 पासूनच दक्षिणेत वेगळे सरकार मागायला सुरुवात केली, तर उत्तरेत किम इल-सुंग यांनी त्याच वर्षी जमिनीचे फेरवाटप करून आपली घडी बसवली. यात रस्कसाहेबांचा काय दोष?

जुनी वही: ऑस्ट्रियाचे उदाहरण चांगले आहे, फक्त ते तुमच्या विरुद्ध जाते. तेथे 1945 मध्येच एक केंद्रीय सरकार उभे राहिले आणि चारही सत्तांनी त्याला मान्यता दिली. कोरियातही सप्टेंबर 1945 मध्ये सोलमध्ये लोकप्रजासत्ताकाची घोषणा झाली होती आणि गावोगावी लोकसमित्या काम करू लागल्या होत्या. अमेरिकी सेनापती हॉज यांनी त्याला मान्यता नाकारली आणि सुरुवातीला चक्क जपानी अधिकाऱ्यांनाच कामावर ठेवले. सोव्हिएतांनी समित्या ठेवल्या, पण विश्वस्त राजवटीला विरोध करणारे प्याँगयाँगचे चो मान-सिक जानेवारी 1946 मध्ये नजरकैदेत गेले. दोन्ही बाजूंना मधली माणसे अशी बाजूला सारल्यावर उरणार कोण? स्वातंत्र्यलढ्यातले जुने नेते किम कू एप्रिल 1948 मध्ये अक्षवृत्त ओलांडून प्याँगयाँगला बोलणी करायला गेले, पण हाती काही लागले नाही आणि पुढच्या वर्षी सोलमध्ये त्यांची हत्या झाली.

सावली: माझे आजोबा 1953 मध्ये थोरातांच्या हाताखाली भारतीय सैन्याबरोबर तेथे गेले होते. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांवर देखरेख ठेवण्याचे काम होते. इंचॉनला बोट लागली, पण री यांनी भारतीय जवानांना दक्षिणेच्या भूमीवर पाय ठेवू देण्यास नकार दिल्यामुळे हेलिकॉप्टरने दोन्ही सैन्यांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवले, असे ते सांगत. त्यावरून फाळणी युद्धानेच झाली असे मला वाटते. भारत तर तटस्थ होता ना?

जुनी वही: आजोबांचे हेलिकॉप्टर खरे आहे. तटस्थतेबद्दल मात्र जरा थांबा. संयुक्त राष्ट्रांच्या कोरिया आयोगाचे अध्यक्ष भारताचे के. पी. एस. मेनन होते. सोव्हिएतांनी आयोगाला उत्तरेत प्रवेश नाकारल्यावर केवळ दक्षिणेत निवडणूक घ्यावी का, यावर मार्च 1948 मध्ये मतदान झाले; ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा विरोधात गेले, भारताने बाजूने मत दिले. 10 मे रोजी मतदान झाले आणि चारच दिवसांनी उत्तरेने दक्षिणेची वीज तोडली. यालू नदीवरची मोठी वीजकेंद्रे उत्तरेत होती. माझ्या लेखी फाळणीची खरी तारीख वीज तुटली तीच.

तिरकस: पण ती तोडणारे हात कोरियन होते, हे तुम्हीच लिहिलेत.

पांथस्थ: आणि त्या ओंगजिनचे पुढे काय झाले?

जुनी वही: 1949 मध्ये तेथे वारंवार चकमकी झाल्या. 1953 च्या युद्धविरामात ते उत्तरेकडे गेले, अक्षवृत्ताच्या दक्षिणेचे केसाँगही गेले. पूर्वेला मात्र दक्षिणेने रेघेपलीकडचा मुलूख मिळवला. म्हणजे आजची सीमा रस्क यांचीही नाही.