उत्तर: तीन महिने पाळी नाही, तरी पट्टीवर एकच रेघ

> "जावेला तीन महिने पाळी नाही, उलट्या थांबेनात, थोडं रक्तही जातंय. आशाताईंनी दिलेल्या किटवर एकच रेघ येते. मग दिवस नाहीत म्हणायचं का?"

नाही ताई, तसं धरू नका. पट्टीत दोन प्रतिपिंडं असतात: एक रंगीत कणांना चिकटलेलं, दुसरं निकाल दाखवणाऱ्या 'टी' रेघेवर बसवलेलं. एचसीजी या गरोदरपणातल्या संप्रेरकाचा रेणू दोघांच्या मधे अडकला तरच रंग तिथं थांबतो. एचसीजी बेसुमार असलं, की दोन्ही प्रतिपिंडांना वेगवेगळे रेणू चिकटतात, जोडणी होत नाही आणि रंग पुढं वाहून जातो. किट नीट चालल्याची खूण असलेली 'सी' रेघ मात्र नीट उमटते, म्हणून फसगत होते.

पडताळायला लघवीच्या 1 थेंबात स्वच्छ पाण्याचे 9 थेंब मिसळा आणि नव्या किटवर तपासा. आता 'टी' उमटली, तर आधीचा निकाल खोटा. न उमटली तरी निश्चिंत होऊ नका.

रक्तस्राव आणि एवढ्या उलट्या म्हणजे द्राक्षगर्भाची शंका घ्यावीच लागते. त्यात नीट गर्भाऐवजी वारेची द्राक्षांच्या घोसासारखी वाढ होते आणि एचसीजी लाखांत जातं. पातळ करून बघण्यात दिवस घालवू नका. आजच तालुक्याला किंवा लातूर, नांदेडला नेऊन सोनोग्राफी आणि रक्तातलं बीटा एचसीजी करा. लॅबला 'नमुना पातळ करूनही तपासा' असं सांगा, कारण रक्ताची तपासणीही अशीच फसू शकते.