मदत हवी आहे: मॅनेजरला विक्रीवर कमिशन दिलं, विक्री वाढली, नफा मात्र घटला

तुरेवाली
सोलापुरात चाटी गल्लीजवळ आमचं चादर-टॉवेलचं दुकान आहे. मी पुण्यात असते, महिन्यातून एकदा जाणं होतं. दुकान पगारी मॅनेजर बघतात. आधी त्यांना नुसता पगार होता. वर्षभरापूर्वी पगार १८ हजार आणि वर विक्रीवर १ टक्का कमिशन असं ठरवलं.

आधी महिन्याला सरासरी ६ लाखांची विक्री व्हायची, आता साडेसात लाखांची होते. माल छापील भावाच्या ७८ टक्क्यांना पडतो. आधी सूट जवळपास नव्हतीच, आता बिलांवर सरासरी १० टक्के दिसते. उधारी, मुख्यतः लॉज आणि मंगल कार्यालयांकडची, १ लाख ८० हजारांवर गेलीय, ती आधी नव्हती. आणि महिनाअखेरीस हातात आधीपेक्षा कमी उरतं.

बिलं सगळी आहेत, माल मोजला तर जुळतो. मग पैसा जातो कुठे? आणि कमिशन बंद करू की काही बदलू?

गल्ला_सांभाळा
ताई, कॅमेरे बसवा. एक गल्ल्यावर, एक गोदामाच्या दारावर. मोबाइलवर बघत बसा पुण्यातनं. मालक नजरेआड झाला की हेच होतं बगा. अन् न सांगता एक दिवस अचानक जाऊन टपका.

खतावणी
गल्ला_सांभाळा, कॅमेऱ्यात काय दिसेल? मॅनेजर गिऱ्हाइकाशी गोड बोलतोय, चादर उलगडून दाखवतोय, बिल फाडतोय. चोरी असती तर मालाच्या मोजणीत तूट आली असती. इथे माल जुळतोय.

तुरेवाली, पैसा सूट देण्यात जातोय. आधी ६ लाखांच्या विक्रीवर २२ टक्क्यांनी १ लाख ३२ हजार सुटायचे. आता साडेसात लाखांची विक्री १० टक्के सूट देऊन झाली, म्हणजे छापील भावाने ८ लाख ३३ हजारांचा माल गेला. त्याची खरेदी साडेसहा लाख. उरले १ लाख. माल जवळजवळ ३९ टक्के जास्त हलला आणि नफा ३२ हजारांनी कमी झाला. मॅनेजरला मात्र जुन्या विक्रीवर ६ हजार कमिशन पडलं असतं, आता साडेसात हजार पडतं.

हे का होतं ते एका चादरीवर बघा. छापील भाव ५००, खरेदी ३९०, सुटतात ११०. गिऱ्हाईक म्हणतं, "साडेचारशेला द्या." मॅनेजरने हो म्हटलं तर त्याचं कमिशन ५ रुपयांचं साडेचार होतं. त्याचे गेले ५० पैसे, तुमचे गेले साडेएकोणपन्नास रुपये. ५० पैशांसाठी तो घासाघीस का करेल? पुढचं गिऱ्हाईक उभं असतं. त्याच्या जागी कुणीही साडेचारशेलाच देईल. माणूस लबाड नाही, तुम्ही ज्याचे पैसे देताय तेच तो करतोय.

उधारीचंही तसंच. कमिशन बिलाच्या दिवशी मिळतं, पैसे कधी येतात याच्याशी त्याला देणंघेणं नाही. १ लाख ८० हजार अडकले की बँकेच्या १२ टक्क्यांनी महिन्याला १,८०० रुपये व्याज. त्याला वर मिळालेले दीड हजार त्याहून कमी आहेत.

ठोकभाव
सरळ ठोक करार करा. महिन्याला ६० हजार मालकाला द्यायचे, बाकी सगळं मॅनेजरचं. मग ५० रुपयांची सूट त्याच्याच खिशातून जाते, आपोआप घासाघीस करेल. ना कॅमेरा, ना हिशेब.

खतावणी
ठोकभाव, सुटीपुरतं तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. पण दोन अडचणी आहेत. पगारदार माणूस पावसाळ्यातल्या दोन मंद महिन्यांत ६० हजार आणणार कुठून? ती जोखीम त्याच्या अंगावर टाकली की तो ठोक रक्कमच खाली ओढतो, म्हणजे त्याच्या भीतीचे पैसे मालकीण भरते. घर पगारावर चालणाऱ्यापेक्षा मालकाला मंदी सोसणं सोपं जातं.

दुसरी अडचण जास्त वाईट. दुकानाचं नाव त्याचं नाही. पानिपतचा हलका माल सोलापुरी म्हणून खपवला तर आजचा नफा त्याचा, आणि दोन धुण्यांत चादर विरली की शिव्या मालकिणीच्या नावाला. करार संपायला तीन महिने उरले की हा मोह सगळ्यात जास्त असतो.

सांगोलेकर
आमच्याकडं डाळिंबाची बाग निम्म्या वाट्यानं दिलीय. खत-फवारणी वाटेकऱ्याची. तो खतच घालत नाही पुरेसं. हे पण तेच का? का माणूसच आळशी?

खतावणी
दादा, तेच आहे. १०० रुपयांच्या खताने १५० रुपयांचं पीक वाढतं असं धरा. बागेला ५० चा फायदा. पण वाटेकरी १०० घालतो आणि त्याच्या पदरी ७५ पडतात. तो घालणारच नाही. पीक ज्या प्रमाणात वाटता त्याच प्रमाणात खताचा खर्च वाटा. मग तो ५० घालून ७५ नेतो. आळशीपणाचं नंतर बघा.

तुरेवाली
एका चादरीचा हिशेब वाचून डोळे उघडले. मग सूटच बंद करू का? मला विचारल्याशिवाय एक रुपयाही कमी करायचा नाही, असं?

खतावणी
नको. लग्नसराईत पन्नास टॉवेल घेणारा माणूस ५ टक्क्यांसाठी शेजारच्या दुकानात जाईल की नुसतं बोलून बघतोय, हे काउंटरवर उभ्या असलेल्याला कळतं, पुण्यात फोनवर तुम्हाला नाही. सगळी गोम इथेच आहे. सूट किती दिली ते बिलावर दिसतं, ती द्यायची गरज होती का हे कधीच दिसत नाही. म्हणून अधिकार त्याच्याकडेच ठेवा, पण सूट त्यालाही टोचू द्या.

कमिशन विक्रीवर न देता सुटलेल्या रकमेवर द्या, ५ टक्के. ५०० ला विकली तर ११० वर साडेपाच रुपये. ४५० ला विकली तर ६० वर ३ रुपये. आता त्या सुटीत त्याचे जवळपास निम्मे जातात, तुमचेही तसेच. पूर्वीच्या १ लाख ३२ हजारांवर हे ६,६०० होतात, म्हणजे आताच्या साडेसात हजारांपेक्षा फार कमी नाहीत. हे त्याला कागदावर करून दाखवा. आणि कमिशन बिलाच्या दिवशी नाही, पैसे जमा झाल्यावर.

तुरेवाली
पण मग खरेदीचा भाव त्यांना सांगावा लागेल. उद्या तेच समोर दुकान टाकतील, किंवा बाजारात सगळ्यांना कळेल.

खतावणी
खरा भाव सांगू नका, 'हिशेबाचा भाव' ठरवा. ३९० च्या चादरीला ४२० धरा. कमिशन ४२० च्या वर जे मिळेल त्यावर, ७ टक्के. ५०० ला विकली तर ८० वर ५ रुपये ६० पैसे, साधारण तेवढंच.

मात्र ही युक्ती उलटते कुठे ते ध्यानात घ्या. ४१० ला गिऱ्हाईक तयार असेल तर तुम्हाला २० रुपये सुटतात, पण त्याच्या हिशेबाने तोटा दिसतो, म्हणून तो गिऱ्हाईक परत पाठवेल. हिशेबाचा भाव खऱ्यापेक्षा जितका वर, तितकी अशी गिऱ्हाइकं जातील. ८ टक्क्यांच्या वर जाऊ नका. आणि पडून राहिलेल्या मालाला वेगळा भाव लावा. वर्ष झालेली, घडीवर पिवळी पडलेली चादर ४२० धरून कोण विकेल? तिला ३०० धरा, दर तीन महिन्यांनी यादी बदला.

काउंटरच्या_आतून
मॅनेजरच्या बाजूनेही कुणी बोलावं म्हणून लिहिते. उधारीचं सगळं त्यांच्या माथी मारू नका. अर्ध्या दुकानांत उधारी मालकाच्या नातेवाइकांची आणि ओळखीच्यांची असते. "अण्णांना सांगितलंय, लिहून ठेवा" म्हणत माल घेऊन जातात. ती वसूल करायला मॅनेजर कुणाच्या दारात जाणार? ज्या उधारीला त्याने स्वतः होकार दिला तेवढीच त्याच्या कमिशनशी जोडा, वहीत दोन रकाने करा.

बुडीत उधारी पगारातून कापू नका. वाटेल ती कपात कायद्यालाही चालत नाही. 'पैसे आल्यावर कमिशन' हे सुरुवातीलाच लेखी ठेवा म्हणजे कापायची वेळ येत नाही. आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत विक्री वाढते, ती त्याची करामत नाही. तसंच जुलैत पडते ती त्याची चूक नाही. तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा.

खतावणी
काउंटरच्या_आतून यांचं शंभर टक्के मान्य, दोन रकान्यांचं तर मला सुचलंच नव्हतं. यावर अर्थशास्त्रज्ञ बेंग्ट होल्मस्ट्रॉम यांनी १९७९ मध्ये नेमकं मांडलंय की ज्या आकड्यातून मेहनतीबद्दल काही कळतं तोच मोबदल्यात धरावा. यात्रेची गर्दी मॅनेजरबद्दल काहीच सांगत नाही.

ठोकभाव
पण मग नफ्यावर कमिशन दिलं तर हलका माल जास्त खपवण्याचा मोह आहेच की. हलक्या मालात तर मार्जिन जास्त. माझ्या ठोक करारावर जो आक्षेप घेतला तोच इथे लागू होतो.

खतावणी
हो, लागू होतो, कमी प्रमाणात. इथे खरेदी मालकिणीच्या हातात आहे, हलका माल दुकानात आलाच नाही तर तो खपवणार कुठून? पण खरेदीही मॅनेजरकडे दिली तर तुमचा आक्षेप पूर्ण खरा ठरेल. शिवाय जुन्या गिऱ्हाइकाला पाणी विचारणं, नव्या पोराला चादरीची घडी शिकवणं, हे कुठल्याच आकड्यात येत नाही. आकड्यात येणाऱ्या कामाला जितकं जास्त कमिशन, तितकं हे मागे पडतं. होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रॉम यांनी १९९१ मध्ये यावरूनच म्हटलं की कधीकधी नुसता पगारच बरा. म्हणून मी ५ टक्क्यांवर थांबलो, २० सांगितले नाहीत. किती ठेवावं याचा पक्का आकडा माझ्याकडे नाही.

तुरेवाली
खरेदी माझ्याकडेच आहे, ती सोडणार नाही. पुढच्या वारीला मागच्या तीन महिन्यांची बिलं दोघांनी मिळून बसून बघायची ठरवलंय, त्यांच्यासमोरच चादरीचा हिशेब मांडेन. नातेवाइकांची उधारी मोजली, १ लाख ८० मधले ४० हजार आमच्याच माणसांचे निघाले. ते मी वसूल करते.

एक राहिलं. लॉजवाल्यांची जुनी १ लाख ४० हजारांची उधारी, तिचं कमिशन त्यांनी आधीच घेतलंय. नवीन नियम तिला कसा लावायचा?

काउंटरच्या_आतून
लावू नका. जुन्या नियमाने दिलेलं परत मागितलं तर नव्या कागदावर त्यांचा विश्वास बसणार नाही. वसुलीसाठी वेगळं काहीतरी द्या, जमा होईल त्यावर १ टक्का.

खतावणी
एकदाच, आणि शेवटची तारीख घालून. नाहीतर उधारी द्यायचे एकदा आणि आणायचे पुन्हा एकदा, असे दोनदा पैसे मिळतात हे शिकवल्यासारखं होईल.