‘बीटिंग अराउंड द बुश’ला मराठीत काय म्हणावं?

मुग्धा (अंधेरी): एका इंग्रजी मालिकेचे संवाद डबिंगसाठी मराठीत करतेय. धाकटा भाऊ पैसे मागायला आलाय, पण पाऊसपाणी, मुलांची शाळा असल्याच गप्पा मारत बसलाय. थोरला वैतागून म्हणतो, ‘स्टॉप बीटिंग अराउंड द बुश.’ हाती आलेल्या मसुद्यात ‘झुडपाभोवती मारू नकोस’ आहे. ते तर जाणारच, पण त्या जागी काय?

विनय: ‘आढेवेढे घेऊ नकोस.’ शाळेत हेच शिकलो.

सुलभाताई: विनय, ज्याच्याकडे काही मागितलंय तो आढेवेढे घेतो. गाणं म्हण म्हटलं की ‘घसा बसलाय’ म्हणणारा. इथे मागायला आलेलाच अडखळतोय.

परळकर: मूळ शिकारीतलं आहे. हाकारे झुडपं बडवून पक्षी उठवायचे. मग आपलं ‘रान उठवणं’ का नको? चित्र तेच की.

सुलभाताई: चित्र तेच, अर्थ भलताच. एखाद्याविरुद्ध रान उठवायचं म्हणजे सगळीकडे गदारोळ करायचा. हा भाऊ तर मनातलं ओठावरही आणत नाहीये. मुग्धा, झुडूप विसर आणि प्रसंग बघ. याला काहीतरी हवंय, मागायची लाज वाटतेय आणि समोरच्याने ते ओळखलंय. ‘ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?’ यात थोरल्याचा वैताग आहे आणि मायाही. हेच वाक्य इन्स्पेक्टर संशयिताला म्हणाला, तर मात्र भांडं चालणार नाही, कारण तो काही मागायला आलेला नाही. तिथे ‘आडवळणं नकोत, सरळ सांग.’

किशोर: आमच्या ऑफिसच्या पत्रांत ‘चेंडू आता तुमच्या कोर्टात’ असतं. तेही चूक का?

सुलभाताई: ते वर्तमानपत्रांनी रुळवलंय, सगळ्यांना कळतं. पत्रात मी तरी ‘आता निर्णय तुमचा’ एवढंच लिहीन.

मुग्धा: ताई, ताक अगदी चपखल आहे, पण लांबी? इंग्रजी वाक्य सात अक्षरांत संपतं आणि चेहरा क्लोजअपमध्ये आहे. तुमचं जवळजवळ दुप्पट होतंय. पाठमोरा शॉट असता तर खपलं असतं.

सुलभाताई: मग सुरुवातीचा भाग गाळ. ‘भांडं लपवू नकोस.’ म्हणून बघ, सातच होतात. इंग्रजीत ‘बीटिंग’ आणि ‘बुश’ला ओठ मिटतात, इथे ‘भां’ आणि ‘प’ला. जागा पुढेमागे होतील, तेवढं कलाकार सांभाळून घेईल.

विनय: पण ताक गाळल्यावर कळेल का? माझ्या मुलीला ताक म्हणजे दुकानातली पिशवी. ती विचारेल, कुठलं भांडं?

परळकर: आमच्या चाळीतली पोरं सरळ ‘गोल गोल फिरवू नको’ म्हणतात.

सुलभाताई: तेही जिवंत मराठी आहे. पण त्यात ‘मला फसवू नकोस’ असा सूर लागतो. या भावाला फसवायचं नाहीये, त्याला लाज वाटतेय.

मुग्धा: दोन्ही लिहून ठेवते. उद्या रेकॉर्डिंगला थोरल्याचा आवाज देणारे काका नाशिककडचे आहेत. त्यांच्या तोंडी कुठलं सहज बसतं, ते ऐकून ठरवेन.