सेंटिमेंटचा आलेख रिटेन्शनशी जुळतोय, पण त्यावर विश्वास ठेवावा का?

गडवाटा: पानिपतावरच्या माझ्या १२ मिनिटांच्या व्हिडिओची साधारण १५० वाक्यं आहेत. मराठी ट्वीटवर शिकवलेल्या मॉडेलनं प्रत्येक वाक्याला भावनेचा −१ ते +१ स्कोअर दिला. १५-१५ वाक्यांची सरकती सरासरी काढली आणि तो वक्र रिटेन्शनवर, म्हणजे कुठल्या क्षणी किती टक्के प्रेक्षक उरले त्या आलेखावर ठेवला. दोन्ही सारखेच उतरतात, सहसंबंध ०.७१. दुःखद भाग आला की लोक जातात, असंच ना? मग पुढच्या व्हिडिओत विश्वासराव पडतात तो प्रसंग आटोपता घेऊ का?

आकडेमोड: अजिबात नको. रिटेन्शन जवळपास प्रत्येक व्हिडिओत उतरतंच, आणि पानिपताची गोष्टही शेवटाकडे काळवंडतच जाते. दोन उतरत्या रेषा एकमेकींवर ठेवल्या की सहसंबंध येणारच. तिथे गळक्या टाकीतल्या पाण्याची पातळी ठेवली असतीत तरी आला असता.

किती जण उरले ते बाजूला ठेवा. त्या क्षणी, उरलेल्यांपैकी किती उठले ते बघा. यूट्यूबची API `elapsedVideoTimeRatio` चे १०० बिंदू देते, म्हणजे तुमच्याकडे दर ७.२ सेकंदाला एक. प्रत्येक वाक्य त्याच्या वेळेनुसार त्या ७.२ सेकंदांच्या खणात टाका आणि हे काढा:

```python
drop = (r[:-1] - r[1:]) / r[:-1]
```

५२ वरून ४४ म्हणजे १५ टक्के उठले. पहिली ३० सेकंदं वगळा, तिथली गळती थंबनेल बघून चुकून आलेल्यांची असते. मग भावनेची मालिका मुद्दाम २०, ३५, ६० खणांनी फिरवून तोच सहसंबंध पुन्हा काढा. चुकीच्या जागी ठेवूनही तेवढाच येत असेल, तर मूळ जुळणीला किंमत नाही. आणि १५ वाक्यांच्या सरासरीनंतर तुमच्याकडे खरे स्वतंत्र बिंदू जेमतेम दहा उरतात. दहा बिंदूंवर आकार जुळणं फार सोपं असतं.

चुलीपाशी: माझं रेसिपीचं चॅनेल आहे. माझ्याकडे आलेख मध्येच वर चढतो, तोही "दीड वाटी बेसन, पाव चमचा हिंग" म्हणते तिथे. त्या वाक्यात भावना शून्य. लोक मागे जाऊन प्रमाण लिहून घेतात. दादा, तुम्हीही तारखा पडद्यावर लिहून दाखवा, लोक थांबतील.

कथेकरी: ताई, प्रश्न तारखांचा नाही. मुळात हा स्कोअर चांगलं-वाईट मोजतो, ताण मोजत नाही. भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, हे वाक्य मॉडेलला कोरडं वाटेल, पण ऐकणाऱ्याचा श्वास तिथेच अडकतो. आणि एवढी गणितं कशाला? `relativeRetentionPerformance` घ्या, त्यात तेवढ्याच लांबीच्या व्हिडिओंशी तुलना आयतीच मिळते.

आकडेमोड: ताणाचं पूर्ण पटलं. दुसरं अर्धंच. नेहमीची उतरण त्यात निघून जाते खरी, पण चौथ्या मिनिटाला गमावलेले लोक अकराव्या मिनिटालाही कमीच दिसतात. दोष कुठल्या क्षणाचा, ते त्यातून कळत नाही.

गडवाटा: करून पाहिलं. स्कोअर आणि गळतीचा सहसंबंध −०.१२ आला. फिरवलेल्या मालिकांमध्ये −०.३ ते +०.३ काहीही येतं. म्हणजे माझं ०.७१ विरघळलं.

ते ५२ वरून ४४ माझ्याकडेही सापडलं, सुक्यामेव्याच्या जाहिरातीत! पूर्ण व्हिडिओतला सर्वांत आनंदी स्कोअर तिथेच आहे. विश्वासरावांना गोळी लागते त्या मिनिटात गळती सर्वांत कमी. तोच प्रसंग कापायला निघालो होतो.

आणखी एक. "मराठ्यांवर संक्रांत कोसळली" या वाक्याला मॉडेलनं ठळक सकारात्मक दिलंय. ट्वीटमध्ये संक्रांत म्हणजे तिळगूळ आणि शुभेच्छा, म्हणून असावं. लढाई १४ जानेवारी १७६१ची, त्यामुळे संक्रांत शब्द माझ्या संहितेत सात वेळा आहे. सगळीकडे वक्र उगाच वर गेलाय.

कथेकरी: म्हणूनच म्हणते, ताण हातानं मोजा. वाक्यागणिक १ ते ५.

आकडेमोड: मोजा, पण रिटेन्शन बघायच्या आधी, आणि दोघांनी वेगवेगळं. आलेख माहीत असलेला माणूस गळतीच्या जागी आपोआप कमी ताण लिहितो. तरीही एका व्हिडिओवरून नियम काढू नका, जाहिरातीसारखा एकच खण सगळा आकडा फिरवतो. वीसेक व्हिडिओ होऊ देत.

कथेकरी: वीस व्हिडिओंचा ताण दोघांनी हातानं मोजायचा? माझ्यासारखी एकटी हे करू शकत नाही. मी शंका येईल तेवढीच दोन मिनिटं ऐकते, आणि मला तेवढ्यावर संहिता सुधारता येते.

गडवाटा: बुराडी घाटावर दत्ताजी पडतात तिथे एक उंचवटा आहे, ६१ वरून ६६. लोक मागे जाऊन ऐकतात, असं धरू का?

चुलीपाशी: तिथून चॅप्टर सुरू होतो का? माझ्याकडे लोक थेट "फोडणी" या चॅप्टरवर उडी मारतात, तेव्हाही असाच उंचवटा दिसतो.

गडवाटा: हो, चॅप्टर तिथूनच सुरू होतो.

आकडेमोड: मग या आलेखावरून दोन्ही वेगळं करता येणार नाही. पुढच्या व्हिडिओत चॅप्टरची खूण प्रसंगाच्या ४० सेकंद आधी ठेवून बघा, उंचवटा खुणेबरोबर सरकतो का.