शंभर शब्दांवरून भाषेचं वय

भटक्या_विमुक्त
भाषेच्या वयाचंही कार्बन डेटिंग असतं. मॉरिस स्वॉडेश या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये १०० मूळ शब्दांची यादी दिली. दर हजार वर्षांत त्यातले १४ बदलतात, ८६ टिकतात. दोन भाषांत किती जुळतात ते मोजा, फाटाफूट कधी झाली ते वर्ष हातात येतं. शिलालेखांवरून डोकी फोडणारे हे का वापरत नाहीत?

नदीपल्याड
कारण वापरून झालंय, आणि १९६२ मध्येच त्याची शोभा झालीय. ही पोस्ट दर चार महिन्यांनी कुणीतरी टाकतो, म्हणून आज सविस्तरच लिहिते.

बर्गस्लांड आणि फॉग्ट या दोन भाषाशास्त्रज्ञांनी सरळ मार्ग धरला. ज्या भाषांचा इतिहास लेखी आहे, त्यांच्यावरच हे घड्याळ लावून पाहिलं. मध्ययुगीन स्कँडिनेव्हियाची जुनी नॉर्स ही एकच आई. तिच्या दोन लेकी: आइसलँडिक आणि नॉर्वेची रिक्समॉल. हजार वर्षांत आइसलँडिकने यादीतले सुमारे ४ टक्के शब्द बदलले, रिक्समॉलने सुमारे २०. आता तुमच्या ८६ च्या दराने गणित करा. आइसलँडिक नॉर्सपासून अवघी २७० वर्षं दूर निघते आणि रिक्समॉल जवळजवळ १४८०. आई एक, काळ एक, उत्तरं दोन, आणि दोन्ही चूक! म्हणजे आइसलँडमधली वसाहत साधारण शिवाजी महाराजांच्या नंतरची.

बरं, तो ८६ आकडा आला कुठून? इतिहास माहीत असलेल्या मूठभर भाषांची सरासरी. त्यातल्या बहुतेक युरोपातल्या, एकमेकींच्या नात्यातल्या. त्या सरासरीला निसर्गनियम म्हणायचं का, एवढाच प्रश्न आहे.

शून्य_ते_अनंत
वाचायला छान, पण अर्धंच गणित केलंत. मूळ पद्धत आई-लेकीची नाही, दोन बहिणींची आहे. c म्हणजे दोघींत समान शब्दांचा वाटा, r म्हणजे हजार वर्षांत टिकणारा वाटा, t हजार वर्षांच्या मापात.

```
t = ln c / (2 × ln r)
```

आइसलँडिकचे ९६ टक्के गुणिले रिक्समॉलचे ८०, म्हणजे दोघींत सुमारे ७७ टक्के समान. r = ०.८६ घाला. उत्तर साधारण ८७० वर्षं. खरा आकडा हजाराच्या आसपास. इतकं काही वाईट नाही!

नदीपल्याड
एक घड्याळ मागे, एक पुढे, म्हणून सरासरी बरी आली. दोन्ही बहिणी आइसलँडिकसारख्या संथ असत्या तर याच सूत्राने परत २७० वर्षंच आली असती. ज्या भाषांचा लेखी इतिहास नाही, त्या संथ की चपळ हे तुम्हाला कोण सांगणार? आणि पद्धत हवी असते ती तर नेमकी तिथेच.

रसायनवाले_सर
मी हयातभर अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे 'कार्बन डेटिंग' वाचून राहवलं नाही. कार्बन-१४ चा क्षय तापमानाने बदलत नाही, राजाश्रयाने बदलत नाही, शेजाऱ्याने तर नाहीच नाही. शिवाय चिमूटभर कोळशात अब्जावधींच्या हिशेबात अणू असतात. इथे आहेत शंभर शब्द! घड्याळ अगदी बिनचूक चालतंय असं धरा. हजार वर्षांनी दोन बहिणींत ७४ शब्द जुळायला हवेत. पण निव्वळ योगायोगाने ते ६५ ही येतील किंवा ८३ ही. त्या दोन आकड्यांची वर्षं काढा: १४०० आणि ६००. वर्ष हातात आलं म्हणे.

(कार्बनलाही दुरुस्तीचा तक्ता लागतो हे कुणी शहाणा सांगेलच, म्हणून आधीच मान्य करतो.)

मोडीवाचक
माझ्याकडे पणजोबांची मोडी कागदपत्रं आहेत. या शब्दयादीवरून त्यांचा काळ काढता येईल का?

नदीपल्याड
@मोडीवाचक, नाही हो. कागदावर सुहूर सन किंवा शक दिला असेल, तो वाचा.

फ्योर्डकाठी
मी बर्गनला राहते. ऑफिसात एक आइसलँडची मुलगी आहे, ती जुन्या सागा, म्हणजे तिकडच्या मध्ययुगीन कथा, थोड्याफार अडखळत पण वाचते. इथल्या नॉर्वेजियन लोकांना भाषांतर लागतं. कारण उघड आहे, डेन्मार्कने यांच्यावर चारशे वर्षं राज्य केलं.

नदीपल्याड
आइसलँडही डॅनिश राजाखालीच होतं की. राज्यापेक्षा शेजार, व्यापार आणि शहरं जास्त महत्त्वाची. तुमच्याच बर्गनमध्ये हान्सा संघाचे जर्मन व्यापारी शतकानुशतकं ठाण मांडून होते. शिवाय रिक्समॉल वाढली तीच डॅनिश लेखनभाषेच्या अंगाने.

शून्य_ते_अनंत
आता तुम्हीच रशियन भाषाशास्त्रज्ञ स्तारोस्तिनच्या अंगणात आलात! त्याचं म्हणणं तेच होतं. रिक्समॉलच्या यादीतले १५-१६ शब्द डॅनिश, स्वीडिश आणि लो जर्मनमधून उसने आहेत. ते वगळून फक्त घरच्या घरी झालेले बदल मोजा. मग हजार वर्षांत पाच-सहा शब्दच बदलतात आणि आइसलँडिकशी भांडण मिटतं. १९६२ चा बाण तेव्हाच बोथट झाला. हे तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत.

नदीपल्याड
गाळलं नाही, अजून तिथवर आले नव्हते. नॉर्वेपुरतं बरोबर आहे, घ्या. पण उसना शब्द ओळखायला भाषेचा इतिहास आधीच माहीत हवा. इंग्रजीतले स्किन, एग, रूट, बार्क, डाय हे यादीतले शब्द नॉर्समधून आले, हे जुनी इंग्रजी लिहिलेली सापडते म्हणून पटकन कळतं. लिपीच नसलेल्या दोन शेजारणींत कोणी कोणाचं काय उचललं, ते कसं ओळखणार?

मांडवीपार
ते नॉर्वे राहू द्या. मराठी आणि कोंकणी कधी वेगळ्या झाल्या ते काढा ना. आमचं उदक, तुमचं पाणी. आमचं सुणें, तुमचा कुत्रा. आमचं नुस्तें, तुमचे मासे. आकडा आला की 'बोली, बोली' करणाऱ्यांची तोंडं बंद होतील.

भटक्या_विमुक्त
वेगळ्या व्हायला आधी वेगळ्या असाव्या लागतात. मालवणीत बोलणाऱ्याला दोन्ही कळतात.

मांडवीपार
झालंच सुरू. साठ वर्षं हेच ऐकतोय. मालवणी कळते म्हणून कोंकणी मराठीची बोली, मग मराठी कळते म्हणून कोंकणीची बोली का नाही?

नदीपल्याड
दोघंही थांबा, उदाहरण मात्र उत्तम आहे. सुणें जुन्या मराठीत होतंच. शब्द आपण टाकला, कोंकणीने जपला. उदक मराठीलाही परकं नाही, मग रकान्यात फक्त 'पाणी' का लिहायचं? आणि रक्त हा शब्द पाहा. छापील मराठीत रक्त, माझ्या आजीच्या तोंडी रगत. स्तारोस्तिनचा नियम लावला तर रक्त संस्कृतातून उसनं, म्हणजे यादीतून बाद. रगत हे त्याचंच झिजलेलं रूप, मग ते घरचं धरायचं की उसनं? पक्षी बाद, पण पाखरू आत. यादी पुण्याच्या प्राध्यापकाने भरली की देवगडच्या कोळणीने, यावर शे-दोनशे वर्षं सहज इकडची तिकडे होतील. मडगाव की मंगळूर, हा प्रश्न तर अजून काढलेलाच नाही.

मांडवीपार
म्हणजे उत्तर द्यायचं नाही. कळलं.

शून्य_ते_अनंत
स्वॉडेशच्या भुताशी किती दिवस भांडणार? ग्रे आणि अ‍ॅटकिन्सन या संशोधकांच्या अभ्यासापासून, म्हणजे २००३ पासून, एकच दर कोणी धरत नाही. प्रत्येक फांदीला वेगळा वेग, ज्ञात तारखांचे खुंट, आणि उत्तर एका वर्षात नाही तर पल्ल्यात. द्रविड भाषांसाठी २०१८ मध्ये असाच साडेचार हजार वर्षांचा अंदाज आला.

नदीपल्याड
मग त्याच नव्या यंत्रातून २०१५ मध्ये इंडो-युरोपियनचं वय साधारण ६५०० आणि २०२३ मध्ये ८१०० कसं आलं? २०१५ वाल्यांनी यंत्राला सक्तीने सांगितलं की लॅटिन ही फ्रेंच-इटालियनची थेट आई. २०२३ वाल्यांनी शब्दयाद्या नव्याने, काटेकोर केल्या आणि ती सक्ती काढली. ग्रंथातली लॅटिन आई नसून मावशी असेल, हा त्यांचा मुद्दा. लॅटिन मावशी झाली की तिच्यासाठी वेगळी फांदी काढावी लागते, तिच्यावरचे बदल वेगळे मोजावे लागतात, आणि मूळ मागे सरकतं. गणित दोघांचंही चोख. आई की मावशी, हे मात्र आकड्यांबाहेरून ठरवावं लागतं.

शून्य_ते_अनंत
पल्ला मोठा आहे म्हणून पद्धत फेकायची? तुमच्याकडे दुसरं काय आहे?

रसायनवाले_सर
चाकाचे शब्द आहेत. चाक, आस, जू. हे सगळे मूळ भाषेत असतील तर चाकाच्या शोधाआधी ती फुटली नसणार. वस्तू जमिनीतून निघते, तिचा काळ खरोखरच कार्बनने काढता येतो.

शून्य_ते_अनंत
चाकाचा शब्द 'फिरणे' या धातूपासून वेगवेगळ्या शाखांनी आपापला घडवला असेल, तर? त्यावरही वाद आहेच, सर.

भटक्या_विमुक्त
ठीक आहे, 'कार्बन' शब्द मागे घेतो. बाकीची पोस्ट तशीच राहील.

मांडवीपार
आणि कोंकणीचं?