मदत हवी आहे : निबंधात ‘सण’ हा शब्द सारखा येतो, त्याऐवजी काय लिहावे?

निंबोणी
मुलीला परवा सकाळी निबंध द्यायचा आहे. ‘आमच्या घरातील सण’ असा विषय आहे. कच्च्या मजकुरात ‘सण’ हा शब्द जिथे जिथे आला तिथे बाईंनी रेघ मारून ‘दुसरा शब्द वापर’ असा शेरा दिला. त्यावर तिने समानार्थी शब्दांच्या पुस्तकातून उत्सव, सोहळा, समारंभ, विधी, व्रत आणि पर्व हे शब्द घेऊन आळीपाळीने घातले आहेत. आता वाचताना काहीतरी खटकते, पण नेमके काय खटकते ते मला तिला समजावून सांगता येत नाही. यांपैकी कोणता शब्द कुठे चालतो, एवढेच कृपया लवकर सांगावे.

दौत
सण कोणता, इयत्ता कोणती आणि निबंध किती शब्दांचा, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. संक्रांतीला चालणारा शब्द सत्यनारायणाच्या पूजेला चालेलच असे नाही. खटकणारी वाक्ये जशीच्या तशी इथे द्या, मगच काही सांगता येईल.

मधली_सुट्टी
वाक्यांची गरज नाही, नियम सोपा आहे. घरात होतो तो सण आणि मांडवात होतो तो उत्सव. गणेश चतुर्थी हा सण आहे, पण 1893 च्या सुमारास पुण्यात गणपती सार्वजनिक स्वरूपात बसू लागला आणि लोकमान्य टिळकांनी तो पुढे वाढवला, त्या सार्वजनिक स्वरूपाला आपण ‘गणेशोत्सव’ म्हणतो. निबंध घरातल्या सणाचा आहे, म्हणून ‘उत्सव’ हा शब्द सगळीकडून काढून टाकावा.

फळा_खडू
हा नियम अर्धाच खरा आहे. ग्रामदैवताचा उत्सव किंवा देवळातला रामनवमीचा उत्सव हे शब्दप्रयोग मांडवाच्या आधीपासूनचे आहेत, आणि ज्या घरात नवरात्र बसते तिथे ‘नवरात्राचा उत्सव’ म्हटले तर कोणालाही खटकत नाही. मी बरीच वर्षे मराठी शिकवले आहे. वर्गात मी हा फरक क्रियापदावरून दाखवत असे. सण ‘येतो’. आपण काही केले नाही तरी तो तिथीला येतोच आणि जातोही. उत्सव मात्र माणसे करतात, म्हणून तो ‘सुरू होतो’, काही दिवस ‘चालतो’ आणि शेवटी त्याची ‘सांगता’ होते. घर आणि मांडव यांच्यापेक्षा हा फरक मला अधिक उपयोगी वाटतो. तरीही दौत यांचे म्हणणे बरोबर आहे, आधी वाक्ये पाहू द्या.

निंबोणी
इयत्ता सातवी, मराठी माध्यम, मर्यादा दोनशे शब्दांची. सण गौरींचा आहे. वाक्ये अशी आहेत :

‘भाद्रपद महिन्यात आमच्या घरी गौरींचा समारंभ येतो. पहिल्या दिवशी आजी गौरी आणण्याचे व्रत पाळते. दुसऱ्या दिवशी पूजेचा उत्सव असतो. आम्ही हे पर्व आनंदाने साजरी करतो. तिसऱ्या दिवशी विसर्जनाचा सोहळा पार पडतो.’

आजोळ
आमच्याकडे यांना गौरी म्हणत नाहीत, महालक्ष्म्या म्हणतात. त्या तीन दिवसांसाठी ‘सण’ हा शब्द मी घरात कधी ऐकलेलाच नाही. आमच्या आत्याबाई ‘आमच्याकडे महालक्ष्म्या असतात’ असे म्हणत, आणि कोणी विचारले तर ‘आमचा कुळाचार आहे’ असे सांगत. मुलीने उभ्या गौरी आणि खड्यांच्या गौरी यांतला फरकही अवश्य लिहावा, कारण तो आता पुष्कळ जणांना ठाऊक नसतो. आमच्या उभ्याच असतात. साड्या नेसवण्यात अख्खी सकाळ जाते आणि निऱ्या मनासारख्या पडल्याशिवाय आत्याबाई कोणाला हात लावू देत नसत.

दौत
आजोळ, प्रश्न शब्दांचा आहे, गौरींच्या प्रकारांचा नाही. पण ‘कुळाचार’ हा शब्द आपण चांगला आठवून दिलात. पुस्तकातल्या समानार्थी शब्दांच्या यादीत तो सहसा नसतो.

फळा_खडू
आता वाक्यांकडे वळते. खटकण्याचे कारण असे की यातले काही शब्द संपूर्ण सणाचे आहेत, काही सणाच्या एखाद्या भागाचे आहेत, आणि मुलीने ते एकमेकांच्या जागी ठेवले आहेत.

‘समारंभ’ घ्या. त्याला ठरलेली वेळ लागते, बोलावणे लागते आणि बोलावलेले लोक लागतात, म्हणूनच आपण बक्षीस समारंभ किंवा निरोप समारंभ म्हणतो. तो काही तासांत आटोपतो आणि तो ‘ठेवतात’ किंवा ‘करतात’. तो भाद्रपदात आपसूक येत नाही, म्हणून पहिले वाक्य अडखळते. मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपल्याकडे बायकांना हळदीकुंकवाला बोलावत असाल, तर त्याला ‘हळदीकुंकवाचा समारंभ’ जरूर म्हणावे. शब्द चुकीचा नाही, त्याची जागा चुकली आहे.

‘व्रत’ एखादी व्यक्ती नेमाने अंगावर घेते. ते घेतात, धरतात, पाळतात, आणि पुरे झाले की त्याचे उद्यापन करतात. ‘मोडले’ हे क्रियापद लावून पाहा. व्रत मोडते, पण सण मोडला असे आपण म्हणत नाही. गौरी घरात आणणे हे ‘आवाहन’ आहे आणि आवाहन हा विधी आहे. आवाहन, पूजन आणि विसर्जन हे तिन्ही विधी आहेत. ते करतात, होतात, पार पडतात. पूर्ण तीन दिवसांना मात्र ‘विधी’ म्हणता येत नाही, कारण मग नवी साडी, पाहुण्यांची पंगत आणि मुलांचा दंगा हे सगळे त्यातून बाहेर पडते.

मधली_सुट्टी
इथे मी असहमत आहे. धार्मिक पुस्तकांत ‘ज्येष्ठागौरी व्रत’ असेच छापलेले असते. मग आजी व्रत पाळते असे लिहिले तर चूक कशी?

फळा_खडू
आपला मुद्दा रास्त आहे. शास्त्राच्या दृष्टीने ते व्रतच आहे, आणि आजी तसे मानत असतील तर ‘आजी ज्येष्ठागौरीचे व्रत करते’ हे वाक्य निर्दोष आहे. माझी हरकत ‘गौरी आणण्याचे व्रत’ या रचनेला आहे, कारण आणणे ही त्या व्रतातली एक पायरी आहे. शिवाय घरात हा शब्द वापरतात का, ते आजींनाच विचारलेले बरे. जिथे सगळे घर मिळून करते, पाहुणे येतात आणि पुरणावरणाचा स्वयंपाक होतो, तिथे बोलण्यात ‘व्रत’ फारसे येत नाही, असा माझा अनुभव आहे.

राहिले ‘पर्व’ आणि ‘सोहळा’. पर्व म्हणजे एखादा मोठा कालखंड किंवा पुण्यकाळ. सातवीतल्या मुलीने घरच्या तीन दिवसांना पर्व म्हटले, तर ते वाक्य तिचे वाटणार नाही. सोहळ्यात थाट असतो आणि तो पाहणारे लोक असतात. पालखी सोहळा, विवाहसोहळा आणि राज्याभिषेक सोहळा हे शब्द आठवून पाहा. घरातली चार माणसे गौरी विहिरीवर नेऊन विसर्जन करत असतील, तर ‘सोहळा’ फार मोठा होतो. गावातल्या सगळ्या गौरी वाजतगाजत एकत्र निघत असतील, तर मात्र तोच शब्द शोभेल.

शुद्धलेखन
दोन गोष्टी कोणी विचारलेल्या नाहीत, तरी लिहितो, कारण गुण त्यांवरच जातात. ‘पर्व साजरी करतो’ हे चूक आहे. ‘साजरा’ हा शब्द नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतो, म्हणून सण साजरा, दिवाळी साजरी आणि पर्व साजरे असे लिहावे. दुसरे असे की सुटा शब्द ‘विधी’ असा दीर्घ लिहायचा आणि समासात तो पहिला आला की ‘विधिपूर्वक’ असा ऱ्हस्व होतो. आणखी एक सुचवतो. ‘गणेशोत्सव’ आणि ‘नवरात्रोत्सव’ यांच्या चालीवर मुले ‘गौरीत्सव’ असा शब्द बनवतात. संधीच्या नियमाने तो ‘गौर्युत्सव’ होईल, पण तसे कोणी म्हणत नाही. ‘गौरींचा उत्सव’ असे सुटे लिहावे.

मधली_सुट्टी
म्हणजे घरात ‘उत्सव’ चालतो, असेच ना?

शुद्धलेखन
व्याकरणाने चालतो. शोभतो की नाही, ते लिहिणाऱ्याने ठरवावे.

दौत
मला मूळ शेऱ्याबद्दल एक शंका आहे. बाईंना खरोखर सहा निरनिराळे शब्द हवे आहेत का? प्रत्येक वाक्यात ‘हा सण’, ‘या सणाला’, ‘सणाच्या दिवशी’ असे आले असेल, तर पुष्कळ ठिकाणी नाम काढूनच टाकता येते. ‘या सणाला आम्ही गौरी बसवतो’ याऐवजी ‘आमच्याकडे गौरी बसतात’ असे लिहिले की सणाचे नाव न घेताही अर्थ पुरा होतो. आजोळ यांच्या आत्याबाई नेमके हेच करत होत्या. दिवाळी आपण ‘साजरी करतो’, पण गौरी ‘साजऱ्या करतो’ असे मराठी माणूस म्हणत नाही. त्या येतात, बसतात, जेवतात आणि जातात.

आजोळ
अगदी बरोबर. ‘आज गौरी जेवतात’ असेच आम्ही पूजनाच्या दिवसाबद्दल म्हणतो. निबंधात ते वाक्य आले तर मला फार आवडेल.

निंबोणी
सर्वांचे मनापासून आभार. आजींना विचारले. त्या ‘व्रत’ म्हणत नाहीत, ‘आपल्या घराण्याचा कुळाचार’ असेच म्हणतात. विसर्जन घरच्या घरीच होते. मुलीने आता असे लिहिले आहे :

‘भाद्रपदात गणपतीपाठोपाठ आमच्याकडे गौरी येतात. अनुराधा नक्षत्रावर त्यांचे आवाहन होते. तेव्हा आजी दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावले काढते आणि आई गौरींचे मुखवटे घेऊन त्या पावलांवरून आत येते. दुसऱ्या दिवशी गौरी जेवतात. पूजा, आरती आणि नैवेद्य हे विधी दुपारपर्यंत आटोपतात, आणि संध्याकाळी हळदीकुंकवाचा समारंभ असतो. हा कुळाचार पणजीपासून चालत आलेला आहे आणि आई तो आजीकडून शिकली. तिसऱ्या दिवशी मूळ नक्षत्रावर विसर्जन होते. वर्षभरातला हा आमचा सर्वांत मोठा सण आहे.’

‘कुळाचार’ हा शब्द सातवीच्या निबंधात जड वाटेल का?

फळा_खडू
मुळीच नाही. तिने तो घरात ऐकलेला आहे आणि पुढच्याच शब्दांत तो कसा चालत आला तेही सांगितले आहे. ‘सण’ शेवटी एकदाच आला, तेही चांगले झाले. मधे ‘पूजन ज्येष्ठा नक्षत्रावर असते’ एवढे घातले, तर तिन्ही नक्षत्रे पुरी होतील.

मधली_सुट्टी
मी असतो तर तिथे ‘परंपरा’ लिहिले असते. तपासणाऱ्याला कुळाचार ठाऊक नसला तर पुन्हा खाली रेघ येईल.

दौत
‘परंपरा’ प्रत्येकाच्याच निबंधात असते. माझे मत कुळाचाराला आहे.

निंबोणी
मुलीला ‘कुळाचार’च ठेवायचा आहे. ज्येष्ठा नक्षत्राचे वाक्य ती आता घालते आहे.